होसूरचं कार्ड

केडगावात आमच्या समोरच्या घरात विजयमाला राहते. माहेर सोनईचं. लग्नाआधी ती तिथल्या एका पतसंस्थेत पत्रांची आवक-जावक सांभाळायची. आलेल्या पत्राला उत्तर गेलं की नाही, ही काळजी तेव्हापासून तिच्या अंगात मुरलेली. मी उभं आयुष्य फिरत्या नाटक कंपनीत काढलं. सासरे रंगवले, सावकार रंगवले, एकदा नटी आजारी पडली म्हणून सासूसुद्धा. माणसं न्याहाळायची सवय काही सुटत नाही. तिच्यावर लिहू का, असं विचारलं तर म्हणाली, "लिहा अण्णा. पन माझं चांगलं तेवढंच लिहू नका."

तिचा नवरा सुनील एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होता. कारखान्याने त्याचा विभागच बंद केला. दिवसा तो ओळखीच्या छगनच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बसायला लागला आणि बाकीचा वेळ अर्ज. पण फोनवर मेल वाजला की त्याच्या छातीत धडधडायचं. शेवटी विजयमालाने नोकरीसाठी वेगळा मेल आयडी उघडला, तो फक्त घरच्या लॅपटॉपवर ठेवला आणि म्हणाली, "तुमी दुकान बघा. मेल मी बघते."

मग तिने एक बोर्ड केला. फुकटचं ॲप, त्यात पाच रकाने: अर्ज केला, रिक्रूटरशी बोलणं, मुलाखत, ऑफर, बंद. प्रत्येक कंपनीचं एक कार्ड. कार्डावर रिक्रूटरचं नाव, शेवटचा मेल काय आला, पुढे काय करायचं आणि कोणत्या तारखेला. शिवाय एक रंग. लाल म्हणजे उत्तर आपण द्यायचंय, ते त्याच दिवशी जायला हवं. हिरवा म्हणजे चेंडू त्यांच्याकडे. तारखेपर्यंत थांबायचं, मग नम्र आठवण पाठवायची. दोन आठवणींना उत्तर नाही आलं की कार्ड 'बंद'मध्ये, खाली एका ओळीत कारण.

सुनील घरी आला की चपला काढताकाढता विचारायचा, "काय विजू, आज लाल किती?"

"आज समदं हिरवं. हात-पाय धुवा आधी."

मला हे फार आवडायचं. आमच्या कंपनीत विंगेत अडलेल्या नटाला वाक्य पुरवणारा प्रॉम्प्टर बसायचा. प्रेक्षकांना तो दिसत नसे, पण नट त्याच्या भरवशावर छाती काढून उभा राहायचा. विजयमाला तशी होती. मुलाखतीच्या तालमी माझ्याकडे चालत. मी खुर्चीत रिक्रूटर होऊन बसायचो, चष्मा नाकावर ओढून विचारायचो, "तुमची उणीव सांगा." सुनील म्हणायचा, "बायकोला विचारून सांगतो."

दूर परराज्यातल्या होसूरच्या एका कंपनीशी पहिलं बोलणं छान झालं. हुद्दा वरचा, पगार चांगला. सुनील घरी पेढे घेऊन आला. "अजून काही झालं न्हाई आणि पेढे?" म्हणून विजयमाला त्याच्यावर ओरडली. मी दोन खाल्ले.

लग्नानंतर सुनील दोन वर्षं तिकडेच, होसूरला, नोकरीला होता, एकटा. घरी आला की पाहुण्यासारखा वागायचा. पाण्याचा तांब्या कुठे ठेवलाय, हे विचारायचा. मुलगी संस्कृती त्याच्या मांडीवर बसेना. विजयमाला ते कधी बोलून दाखवत नसे. पण ती विसरली नव्हती, हे मला नंतर कळलं.

त्यानंतर होसूरचं कार्ड हिरवं ते हिरवंच राहिलं. सुनील रोज विचारायचा, ती म्हणायची, "तारीख पुढची हाय." दरम्यान चाकणहून नकार आला, पुण्याच्या दोन कंपन्या गप्प झाल्या. तालमीत त्याचा आवाज बसत चालला. मी विचारलं, "आम्ही तुम्हालाच का घ्यावं?" तर तो म्हणाला, "नका घेऊ साहेब. इतकं चांगलं बोलणं होऊनही होसूरवाले गप्प, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी असणार."

मी हसण्यावारी नेलं. विजयमाला चहा घेऊन दारात उभी होती. तिने कप ठेवले आणि गेली.

शनिवारी होसूरच्या कार्डाची तारीख उगवली. इंग्रजी नीट व्हावं म्हणून ती दोघं लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. सुनीलने सांगायचं, विजयमालाने टाइप करायचं, मी भाषा बघायची.

"लिही," सुनील म्हणाला. "नमस्कार मॅडम. मागच्या बोलण्यानंतर आपल्याकडून काही निरोप आला नाही, म्हणून आठवण करतो."

तिचे हात थांबले.

"लिही ना."

"हे लिहिता येत न्हाई."

"का? अण्णा, शब्द चुकलाय का?"

"शब्द बरोबर हाय," ती म्हणाली. "निरोप आला हुता."

तिने बाजूला टाकलेल्या मेलांतून एक मेल उघडला. रिक्रूटरने मुलाखतीसाठी तीन वेगवेगळ्या वेळा सुचवल्या होत्या. त्यातली एक निवडा आणि होसूरला राहायला येण्याची तयारी आहे का, तेही कळवा, असं लिहिलं होतं. शेवटची वेळ गुरुवारी होऊन गेली होती. कार्ड लाल व्हायला हवं होतं. तिने मेल बाजूला सारून ते हिरवं ठेवलं होतं आणि तारीख गुरुवारच्या पलीकडे टाकली होती.

"अहो, मला वाटलं, ती वेळ निघून जाईल आन् दुसरं जवळचं काहीतरी लागेल. तुमी स्वतःला कमी समजायला लागाल, हे डोक्यात आलंच न्हाई. तुमी रोज विचारत हुता आन् मी रोज…"

प्रॉम्प्टरने वाक्य गिळलं तर लाज नटाला वाटते. त्याला वाटतं, आपणच विसरलो. मी कंपनीत हे पाहिलंय.

सुनीलने तो मेल पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाला, "मला म्हणायचंस ना, जाऊ नका."

"म्हनले असते तर गेला नसता. मग आयुष्यभर माझ्यामुळं राहिलात, असं झालं असतं."

"आणि आता?"

तिने लॅपटॉप जवळ ओढला. मी आत जाऊन उगाच पाणी प्यायलो.

मेल शेवटी तिनेच लिहिला. उत्तराला उशीर झाला, चूक आमच्याकडून झाली, उमेदवार यायला तयार आहे. 'आमच्याकडून'च्या जागी तिला 'माझ्याकडून, त्यांच्या पत्नीकडून' घालायचं होतं. सुनीलने घालू दिलं नाही. मेल गेल्यावर तिने कार्डावर खरी तारीख टाकली, त्याच्या डोळ्यांसमोर.

त्या तारखेच्या आधीच उत्तर आलं. मोठं सभ्य उत्तर. जागा भरली होती. पुढे काही निघालं तर कळवू, असं होतं. विजयमालाने ते दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं, जणू एकदा वाचून शिक्षा पुरी झाली नसती.

दोन महिन्यांनी सुनीलला जवळच सुप्याच्या एमआयडीसीत काम मिळालं. हुद्दा जुनाच, पगार होसूरच्या मानाने बराच कमी. पण रात्री तो घरी जेवतो. संस्कृती त्याच्या ताटातला पापड पळवते. विजयमालाला हवं होतं ते सगळं झालं, आणि तेच तिला गोड लागत नाही. तो दमून आला, की ती आधी त्याचा चेहरा वाचते आणि मग स्वयंपाकघरात जाते. मी एकदा म्हटलं, "अगं, त्याने कधीच माफ केलंय."

"त्यांनी केलंय, अण्णा. म्हनूनच तर."

नोकरी लागल्यावर बोर्ड आवरायचा होता. ती एकेक कार्ड 'बंद'मध्ये ओढून खाली कारण लिहीत होती: अनुभव कमी, पगार जमला नाही, उत्तर नाही. होसूरच्या कार्डाखाली तिने एकच शब्द लिहिला. 'मी.'

सुनील शेजारी शेंगा सोलत बसला होता. त्याने हात पुसले, लॅपटॉप आपल्याकडे वळवला, तो शब्द खोडला आणि त्या जागी लिहिलं, 'उत्तराला उशीर झाला.'

"तेच तर," ती म्हणाली. "उशीर कुनी केला?"

"कारणाला एकच ओळ असते," तो म्हणाला आणि सोललेल्या शेंगांची वाटी तिच्यापुढे सरकवली.