मंगलचं बारा आणि गाइडाचं सात

उचगावची मंगल काजूच्या कारखान्यात गराची प्रतवारी करायची. मालकानं सांगितलं, सुपरवायझर व्हायचं तर दहावीचा दाखला आण. नववीनंतर लग्न झालेल्या मंगलनं चाळिशी ओलांडल्यावर बाहेरून परीक्षेचा अर्ज भरला. गणितासाठी तिनं भावाच्या मुलीला, पूर्णिमाला, गाठलं. पूर्णिमा बेळगावच्या एका हायस्कुलात गणित शिकवायची. दर रविवारी दुपारी ती आत्याकडे येऊ लागली आणि दर रविवारी डोकं धरून परत जाऊ लागली.

कारण मंगल कष्टाळू होती, पण उत्तर पडताळायची तिची रीत एकच. आपलं उत्तर गाइडातल्या नमुना उत्तरासारखं नसलं की ते खोडायचं, गाइडातलं उतरवायचं आणि भाकरी थापता थापता पाठ करायचं.

सराव परीक्षेत प्रश्न आला: आयताकृती जागेची लांबी रुंदीपेक्षा ३ मीटर जास्त, क्षेत्रफळ ८८ चौरस मीटर, तर लांबी-रुंदी काढा. मंगलनं लिहिलं, x² + 5x – 84 = 0.

"आत्या, हे पाच आणि चौऱ्याऐंशी कुठनं आणलंस?"

"गाइडात हाय की तसंच."

"गाइडातलं गणित येगळं. त्यात पाच मीटर जास्त, चौऱ्याऐंशी क्षेत्रफळ. इथं काय दिलंय?"

मंगलनं प्रश्न पुन्हा वाचला आणि तिचा चेहरा पडला. "मग येवढं पाठ केलं ते वायाच गेलं म्हण."

पूर्णिमानं गाइड उचलून आपल्या पिशवीत टाकलं आणि गाइडातलं तेच जुनं गणित कोऱ्या कागदावर लिहून दिलं. "आता पाठ केलेलं सोडून तुझ्या डोक्यानं सोडव. मी गप बसते."

मंगलनं कुरकुरत सोडवलं. x बरोबर बारा आलं. पूर्णिमानं गाइड उघडून समोर धरलं, त्यात x बरोबर सात होतं. मंगलचा हात लगेच खोडरबराकडे गेला. पूर्णिमानं खोडरबर काढून घेतला.

"आधी बघ तरी. लांबी किती आली तुझी?"

"बारा."

"रुंदी?"

"पाचनं कमी. सात."

"बारा साती?"

"चौऱ्याऐंशी." मंगलनं प्रश्नातल्या क्षेत्रफळाकडे पाहिलं. "मग ह्ये बरोबर हाय?"

"व्हय. तू लांबीला x म्हणालीस, गाइडवाल्यानं रुंदीला म्हटलंय. पहिलीच ओळ हाय ती, 'समजा रुंदी x मीटर'. तू ती वाचतच न्हाईस, डायरेक्ट शेवटला जातीस."

मंगलला आनंद होण्याऐवजी रागच आला. अशी किती बरोबर उत्तरं तिनं स्वतःच्या हातानं पुसली असतील, कोण जाणे. "येवढे महिने मी काय केलं मग?" ती म्हणाली आणि चहा टाकायला उठून गेली.

पुढच्या रविवारी वेगळीच पंचाईत. लांबी रुंदीपेक्षा ४ जास्त, क्षेत्रफळ ४५. मंगलनं लांबीला x धरून x² – 4x – 45 = 0 असं समीकरण बरोबर मांडलं, पण x आलं पाच. गाइडात लांबी नऊ होती.

"आसू दे," मंगल निर्धास्तपणे म्हणाली, "त्येंचं x येगळं आसंल."

पूर्णिमानं डोळे मिटून घेतले. "त्यांनीबी लांबीच x धरलीया. वाच. न्हाय तर ते सोड, तुझंच उत्तर गणितात घालून बघ. लांबी पाच, मग रुंदी?"

"एक."

"क्षेत्रफळ?"

"पाच." मंगल ओशाळली. "पंचेचाळीस पायजे."

"मग आता गाइडाशी ओळीला ओळ लाव. पहिल्यांदा जिथं फरक पडतोय तिथं बोट ठेव. तिथंच थांबायचं, पुढचं बघायचं न्हाय."

मंगलचं बोट तिसऱ्या ओळीवर थांबलं. तिनं (x + 9)(x – 5) लिहिलं होतं, गाइडात (x – 9)(x + 5).

"का चुकलं ते तुझ्या शब्दांत सांग. गाइडातलं वाचून दाखवू नको."

बराच वेळ मंगल पुटपुटत राहिली. कंसातले दोन आकडे मिळवले तर तिचे अधिक चार होत होते, आणि हवे होते उणे चार. "चिन्हं उलटी पडली," ती शेवटी म्हणाली. पूर्णिमानं गाइड मिटलं आणि आकडे बदलून नवं गणित घातलं. ते पहिल्या फटक्यात आलं नाही. दुसऱ्यांदा आलं, पण तोवर दोघी एकमेकींशी नीट बोलेनाशा झाल्या होत्या.

परीक्षेत आयताचं गणित आलंच नाही. दोन क्रमागत संख्यांचा गुणाकार आला. मंगलनं ते सोडवलं, आलेल्या संख्या एकमेकींशी गुणून पाहिल्या आणि मगच पुढच्या प्रश्नाकडे वळली. गणितात ती काठावर सुटली. विज्ञानात मात्र राहिली, कारण तिथली उत्तरं तिनं पुन्हा तशीच घोकून नेली होती.

पूर्णिमानं फोनवर विचारलं, "आत्या, विज्ञानालाबी माझं ऐकायचं होतंस की न्हाय?"

"तू गणिताची मास्तरीण. विज्ञानालाबी तसंच करायचं आसतंय ह्ये मला कुणी सांगितलं?" मंगल म्हणाली आणि पुरवणी परीक्षेचा अर्ज कधी भरायचा ते विचारू लागली.