डेटाबेस गोदामाबाहेर काढण्याचा अर्ज

आमच्या कृषी केंद्राची दुकानं दोन, एक पांढुर्ण्याला आणि एक सौसरला. दोन्हींच्या बिलांचा आणि स्टॉकचा डेटाबेस मात्र एकाच कॉम्प्युटरवर, आणि तो पांढुर्ण्याच्या गोदामात, औषधांच्या खोक्यांशेजारी. तो बंद पडला की चालू करणारी मी एकटी. गेल्या वर्षी मोहगावला भाच्याच्या लग्नात हळदीचे हात घेऊन मी फोनवर दुकानातल्यांना वायरी ओळखायला शिकवत होते. यंदा बहिणीबरोबर जगन्नाथपुरीची तिकिटं काढली होती. तेव्हा हा डबा तरी गोदामातून जायला हवा होता, नाहीतर मी पुरीला जाणार नव्हते.

इंटरनेटवरून डेटाबेस सांभाळणाऱ्या एका होस्टिंग कंपनीचं कोटेशन मी मागवलं आणि सौसरला बसणाऱ्या मॅनेजरसाहेबांना त्यासोबत अर्ज लिहिला. पहिला मसुदा चार पानांचा झाला. साहेब विषय आणि शेवटचा आकडा एवढंच वाचतात, म्हणून एका पानावर आणला. मशीन होस्टिंग कंपनीची राहील. रोजचा बॅकअप, अपडेट आणि बंद पडल्यास दुसऱ्या मशीनवर चालू करणं, हे तीच बघेल. दरमहा भाडं लागेल, आणि ते आजच्या विजेच्या खर्चापेक्षा नक्कीच जास्त आहे. आपल्याच माणसानं चुकीचं बिल केलं तर ते कंपनी दुरुस्त करणार नाही. आणि तिसरा मुद्दा असा, की इंटरनेट गेलं तर दोन्ही दुकानं थांबतील. आज फक्त सौसर थांबतं. त्यासाठी मोबाइलचं दुसरं कनेक्शन आणि छापील पावतीबुक ठेवावं.

हे प्रामाणिकपणे लिहिलं, याचा पश्चात्ताप दुसऱ्याच दिवशी सौसरला झाला. तिसऱ्या मुद्द्याचं पहिलं वाक्य नेमकं साहेबांच्या नजरेत आलं होतं.

"ताई, आता फुकटात एक दुकान बंद होते. पैसे देऊन दोन्ही बंद करायचे म्हणता?"

"खाली वाचा ना साहेब. उपाय लिहिला आहे."

"वाचून राहिलो. पण बॅकअप तर आपल्याकडे हायच. हार्डडिस्क कायले घेतली मग? अन् दिवाळीत पूजा कोणाची करायची? मशीनच नाही तर लक्ष्मी बसंल कुठं?"

दर लक्ष्मीपूजनाला साहेब स्वतः पांढुर्ण्याला येऊन त्या मशीनला हळदकुंकू वाहतात. कुंकू पंख्यात जातं आणि ते काढायला मला अख्खा कार्तिक महिना लागतो.

"कुंकवाचं नंतर बघू," मी म्हटलं. "बॅकअप आहे ना? मग त्यातून डेटाबेस पुन्हा उभा राहतो का, आत्ता बघू. चालला तर अर्ज मागे घेते."

हार्डडिस्क मी पिशवीत घालून आणलीच होती. सौसरच्या कॉम्प्युटरवर रिकामा डेटाबेस तयार केला आणि कालची फाइल चढवली. मध्येच थांबली. फाइल अर्धवट असल्याचा संदेश आला. परवाची लावली, तीही तशीच. बॅकअप घेणारा प्रोग्राम रोज संध्याकाळी हिरव्या अक्षरांत 'पूर्ण' म्हणायचा आणि आम्ही तेवढ्यावर शटर ओढायचो. डिस्क उघडून पाहिली तर काठोकाठ भरलेली.

"एवढं काय आहे आपल्याकडं?" साहेब खुर्ची ओढून जवळ आले.

फोल्डरचं नाव मी वाचलं नाही, नुसतं बोट ठेवलं. साहेबांच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ. हळद, मेंदी, वरात, आणि ड्रोननं काढलेली वरात वेगळी.

"जागा मोठी दिसली म्हणून टाकला," साहेब म्हणाले. "फोटोवाला पेनड्राइव्ह वापस मागत होता."

मी फाइली मागे मागे लावत गेले. एक पूर्ण चढली. लग्नाच्या आठवड्यातली होती.

"म्हणजे?"

"म्हणजे आज गोदामातली मशीन गेली, तर तुमच्या मुलीच्या लग्नानंतर आपल्या दुकानात कोणी काही घेतलंच नाही, असं धरायचं."

साहेब थोडा वेळ बिलं, स्टॉक आणि कृषी विभागाचा तपासणीवाला, असा क्रमानं विचार करत असावेत. मग म्हणाले, "व्हिडिओ नका मिटवू. आमच्या मिसेसनं अजून पूर्ण पाहिला नाही."

"नाही मिटवत. सही?"

"महिन्याचं काऊन? वर्षाचं घेतलं तर कमी करतील का?"

करत होते. सही झाली. नागपूरच्या सॉफ्टवेअरवाल्यानं डेटाबेस हलवला, आणि या वेळी मी बॅकअप चढवून बघितल्याशिवाय त्याला चहा दिला नाही. डबा गोदामातच ठेवला, पूजेपुरता.

पुरीला समुद्रात घोट्यापर्यंत उभी असताना साहेबांचा फोन आला. बहिणीनं कपाळाला हात लावला.

"ताई, इंटरनेट गेलं. दोन्ही दुकानं बंद."

"मोबाइलचं कनेक्शन?"

"त्याचा रिचार्ज राहून गेला."

"मग अर्ज काढा. तिसरा मुद्दा."

कागद चाळल्याचा आवाज आला. साहेब प्रथमच अर्ज पूर्ण वाचत होते.

"हां. पावतीबुक," ते म्हणाले. "चांगलं लिहिलं हाय तुम्ही."

मी फोन बंद करून बहिणीच्या पर्समध्ये टाकला.