गरम टॉवेलखालचा साक्षीदार

आमच्या सलूनवाल्याला सगळे बातमीदार म्हणतात. तीस वर्षं तो रस्त्याकडे पाठ करून उभा आहे आणि रस्त्यावरची एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटलेली नाही. दुकान अरुंद. दोन खुर्च्या, एक बाक आणि मागच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा. समोर तीन रस्ते मिळतात. त्यातला मधला रस्ता सरळ दुकानावर चालून येतो, त्यामुळे तो अख्खा आरशात मावतो. बातमीदार कुणाच्या तरी कानामागचे केस कापता कापता आरशातूनच विचारतो, "काय मास्तर, आज उशीर?" आणि बाहेरून जाणारे मास्तर दचकतात. समोरच्या औषधांच्या दुकानाची पाटी तो गेली तीस वर्षं उलटी वाचतो आहे. सुलटी दाखवली तर अडखळेल, असं मी त्याला चिडवायचो.

मी निवृत्त ड्राफ्ट्समन. आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढले. बारीक रेघ आणि बरोबर माप, याच्यापलीकडे मला कशाचा अभिमान नाही, आणि ढिसाळ माणसांचा मला संताप येतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे सांगायचं आहे ते मला सांगवत नाही.

अपघात झाला तेव्हा मी बातमीदाराच्या खुर्चीत होतो. मधल्या रस्त्याने बेकरीची व्हॅन आली आणि उजवीकडे वळली. आडव्या रस्त्याने स्कूटरवरून ड्यूटीला निघालेली एक नर्स येत होती, ती व्हॅनच्या उजव्या कोपऱ्यावर आदळली. तिचा पाय मोडला. व्हॅनच्या पुढच्या उजव्या दिव्याचा चुरा झाला. ड्रायव्हर म्हणत होता, मी वळायच्या आधी उजवा दिवा दाखवला होता. नर्स म्हणत होती, त्याने दिवाच दाखवला नाही. तपासायला दिवा शिल्लक नव्हता.

आणि बातमीदार म्हणत होता, डावा दिवा दाखवला आणि उजवीकडे वळला. त्याने स्वतः पाहिलं होतं. धावत बाहेर जाऊन नर्सला उचललंही त्यानेच. मी तोंड पुसत त्याच्या मागून गेलो आणि पोलिसाने कुणी पाहिलं का विचारल्यावर छाती पुढे काढून माझंही नाव दिलं.

पुढचे चार महिने ती गोष्ट त्या दुकानात रोज सांगितली गेली. बातमीदार सांगायचा, मी बाकावरून तपशील भरायचो. डाव्या दिव्याचा पिवळा रंग कसा होता हेसुद्धा मी सांगायचो. बेकरीच्या मालकाने ड्रायव्हरच्या हातातून व्हॅन काढून घेतली आणि त्याला ट्रे उचलायच्या कामाला लावलं. चौकशीत चूक त्याची ठरली तर तेही काम जाणार, हे साऱ्या पेठेला माहीत होतं. त्याच्या दोन मुली शिकत होत्या. तो वीस वर्षं याच दुकानात केस कापून घ्यायचा, तो यायचा बंद झाला. अपराधी मनाला तोंड दाखवता येत नाही, असं मीच म्हणालो होतो.

मग पत्र आलं. विमा कंपनीने नेमलेल्या चौकशी अधिकारी बाईंचं. एक बातमीदाराला, एक मला. पत्र कोरडं होतं, पण त्यात एक शब्द ढिसाळ नव्हता, म्हणून मला ते आवडलं.

"सदर अपघाताबाबत दोन्ही पक्षांच्या सांगण्यात फरक आहे. त्या वेळी आपण तेथे हजर होता, असे कळते. हे पत्र कोणालाही दोषी धरत नाही. जबाब देणे आपल्या इच्छेवर आहे. आपण कोठे होता, कोणत्या दिशेला तोंड होते, स्वतः काय पाहिले आणि इतरांकडून काय ऐकले, हे वेगवेगळे लिहावे. आठवत नसेल तर तसे लिहावे. आपला जबाब गोपनीय राहील व या दाव्याचा निर्णय करणाऱ्यांखेरीज कोणालाही दाखवला जाणार नाही. मात्र न्यायालयाने मागितल्यास तो द्यावा लागेल. चौकशी संपेपर्यंत दोन्ही पक्षांशी किंवा इतर साक्षीदारांशी याविषयी कृपया बोलू नये."

मी त्याच दिवशी बसलो. दीड पानाचा जबाब लिहिला आणि सोबत नकाशा जोडला. तिन्ही रस्ते, दुकान, व्हॅन, स्कूटर, सगळं मापात. व्हॅनच्या डाव्या दिव्यापाशी लाल शाईने बाण काढला आणि लिहिलं, "मी प्रत्यक्ष पाहिले." तोंड कोणत्या दिशेला होतं, हा प्रश्न मला फालतू वाटला. मी तो सोडून दिला.

बातमीदाराने आठ दिवस घेतले. त्या आठ दिवसांत मी दोनदा दाढीला गेलो, पण त्याने तोंड उघडलं नाही. अपघातावर नाही, हवेवरही नाही. ज्या माणसाच्या तोंडाचा पट्टा वस्तऱ्याच्या धारेबरोबर चालायचा, तो गप्प उभा. मला हसू आलं. साक्षीदार झाला म्हणून भाव खातोय, असं मनाशी म्हटलं. एकदा माझ्या गळ्यावर वस्तरा असताना तो मध्येच थांबला आणि आरशात माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी विचारील असं वाटलं, पण त्याने पातं पुसलं आणि पुढे दाढी केली.

पंधरा दिवसांनी बाईंचा फोन आला. जबाबाबद्दल थोडं विचारायचं आहे, सवडीने याल का? मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. टेबल, दोन खुर्च्या, फायलींचं कपाट. बाई चाळिशीच्या, आवाज एका पट्टीतला. माझा नकाशा त्यांच्यासमोर होता. नकाशा छान आहे म्हणाल्या. मी खूश झालो.

"दुकानात तुम्ही कुठे होतात?"

खुर्चीत, मी म्हणालो.

"तोंड कुठे होतं?"

आरशाकडे. म्हणजे रस्ता आरशातच दिसायचा, हे माझ्या लक्षात आलं, पण त्यात काय एवढं? मी तसं म्हणालोही. त्यांनी ते लिहून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "दाढी कुठवर आली होती?"

मी ते आठवू लागलो. दाढी सुरू व्हायची होती. बातमीदार आधी गरम टॉवेल लावतो, हनुवटीपासून कपाळापर्यंत, आणि मी डोळे मिटून पडून राहतो. मला आवाज आठवला. तोंडावरून टॉवेल ओढून काढल्यावर लागलेला गार वाराही आठवला. त्याच्या आधी फक्त अंधार होता आणि साबणाचा वास.

पण पिवळा दिवा मला तेव्हाही दिसत होता. डोळे मिटले की लुकलुकायचा. चार महिने मी जो दिवा बघत होतो, तो मी कधी पाहिलाच नव्हता. खोटं बोललो असतो तर निदान खोटं बोललो हे मला माहीत असतं. इथे मी खरं बोलत होतो आणि त्यात कणभरही खरं नव्हतं.

बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मी पाहिलं नाही, एवढं कसंबसं म्हणालो. मग हे कुणाकडून कळलं, असं त्यांनी विचारलं. सलूनवाल्याकडून, मी म्हणालो. तो काय बोलला होता हे मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तुमचा जबाब मी त्यांना सांगणार नाही, तसा त्यांचाही तुम्हाला नाही."

माझा पहिला कागद फाडून टाका, अशी मी विनवणी केली. नकाशा तरी द्या.

"फाडता येत नाही काका. तो फायलीत राहील. त्याला पूरक जबाब जोडू."

त्यांनी मी बोललो ते लिहिलं, मला वाचून दाखवलं, दोन शब्द मी दुरुस्त केले आणि प्रत्येक पानावर सही केली. इतकी वाईट रेघ मी आयुष्यात काढली नसेल.

तिथून तडक दुकानात गेलो. खुर्चीत बसलो आणि टॉवेल नको म्हणालो. बातमीदार फेस लावू लागला. मी डोळे सताड उघडे ठेवून आरशात बघत होतो. मधल्या रस्त्याने एक टेम्पो आला. त्याचा डावा दिवा लुकलुकत होता. मी मान वळवून दारातून बाहेर पाहिलं. लुकलुकत होता तो उजवा.

बातमीदाराने दिवा आरशात पाहिला होता, आणि धडक ऐकून मागे वळल्यावर व्हॅन स्वतःच्या डोळ्यांनी. अर्धी गोष्ट उलटी, अर्धी सुलटी, आणि त्याच्या डोक्यात दोन्ही एकाला एक शिवलेल्या. तीस वर्षांत रस्त्यावरून कोण जातंय एवढंच त्याला लागायचं. कुठल्या बाजूला, हे कधी लागलंच नव्हतं. आरशात आमची नजरानजर झाली. त्याचे डोळे भरले होते. पत्र वाचून तो खुर्चीमागे उभा राहिला असेल आणि त्याला त्याच दिवशी कळलं असेल. टॉवेलचंही आठवलं असेल. माझ्या गळ्याशी वस्तरा धरून तो पत्रातला शब्द पाळत होता. मी मान पुन्हा सरळ केली आणि त्याने दाढी पुरी केली.

दोन महिन्यांनी चौकशी संपल्याचं पत्र आलं. ड्रायव्हरने चुकीचा दिवा दाखवल्याचा पुरावा नाही, एवढंच त्याच्या मालकाला कळवलं होतं. नर्सला उपचारांचे पैसे मिळाले. ड्रायव्हरला व्हॅन परत मिळाली. आता बोलायची मोकळीक होती, म्हणून बातमीदार प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागला की मी आरशात पाहिलं, मी चुकलो. लोक ऐकून घ्यायचे आणि दुसरा विषय काढायचे. आधीची गोष्टच त्यांना जास्त आवडली होती.

मी आणि तो मिळून बेकरीच्या मागच्या अंगणात गेलो. ड्रायव्हर व्हॅनमध्ये ट्रे लावत होता. बातमीदाराने सुरुवात केली, उरलेलं मी सांगितलं. आरसा, टॉवेल, माझा नकाशा, लाल बाण, काही लपवलं नाही. माफ कर, म्हणालो.

त्याने हातातला ट्रे नीट सरकवून बसवला, हात पुसले.

"आरशाचं समजलं," तो म्हणाला. "माणूस चुकतो. पण काका, वीस वर्षं तुमच्या शेजारी त्या बाकावर बसलो मी. चार महिन्यांत एकदा तरी येऊन विचारायचं होतंत, बाबा रे, कुठला दिवा लावला होतास?"

त्याने व्हॅनचं दार लावलं आणि फेरीला निघून गेला.