अनंत घड

जळगावात पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत आम्ही दोघं मोबाइलचे खेळ बनवतो. आमच्या केळीच्या खेळात खेळणाऱ्याला फारसं काही करावं लागत नाही. बोट टेकवलं की एक घड कापला जातो. बाकी बागा, मजूर, ट्रक आपोआप वाढत राहतात आणि आकडा फुगत जातो. लोक असल्या गोष्टींना चिकटतात, याची मला तेव्हाही थोडी शिसारी यायची. पण पोट त्याच्यावरच होतं.

माझा भागीदार धुळ्याकडचा. त्याच्या शाळेचे गणवेश शिवणाऱ्या चाचांना त्यानंच हा खेळ मोबाइलमध्ये घालून दिला. गुडघे गेल्यावर चाचांनी मशीन मुलाच्या हाती दिलं होतं. दुकानात नुसतं बसून राहणं त्यांना जड जायचं. वर्षभर त्यांनी ती बाग सांभाळली.

पहिली तक्रार त्यांचीच. फोनवर म्हणाले, "बेटी, खेळातल्या बागेची मोटर बंद केली, सगळं थांबवलं. मग दहा वेळा बोट मारलं. आकडा हलत नाही."

भागीदार हसला. "ताई, इतला मोठा आकडामा एक घड कोन मोजस?"

मीही हसले. कारण मला ठाऊक होतं. आम्ही आकडा ज्या साध्या प्रकारात ठेवत होतो, त्यात नऊवर पंधरा शून्यांच्या आसपास एकेक मोजण्याची ताकद संपते. त्यापुढे एक मिळवला तरी बेरीज तिथल्या तिथेच राहते. ते दुरुस्त करायला आठवडा गेला असता. आम्ही पडद्यावरचे मागचे अंक झाकले आणि "परार्ध" वगैरे भारदस्त नावं लावली. घाण झाकायला चादर टाकावी तसं.

पुढे नावंही संपली. एके दिवशी चाचांचा आकडा त्या प्रकाराची शेवटची हद्दही ओलांडून गेला. एकावर तीनशे आठ शून्यांच्या जरा पुढे संगणक हात टेकतो आणि संख्येऐवजी "अनंत" अशी खूण ठेवतो. भागीदारानं ही शक्यता आधीच ओळखून तिथे फुलं उधळली होती: "अभिनंदन, तुम्ही अनंताला पोहोचलात." नवी आवृत्ती बाजारात सोडायचं बटण मात्र मी दाबलं होतं. चूक लपवायची आणि वर तिचा सत्कार करायचा. आज आठवलं तरी माझीच मला किळस येते.

चाचांनी दुकानात पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मोबाइल उघडला तर बाग रिकामी. फायलीत अनंत लिहिता येत नाही. साठवताना त्या जागी रिकामी खूण पडली होती आणि उघडताना आमच्या खेळानं तिला शून्य मानलं. जुनी फाईल त्याच जागी पुसली गेली होती.

मग आठवडा काढलाच. मोठ्या संख्यांचा वेगळा प्रकार लिहिला: पुढचे मोजके अंक एकीकडे, दहाचा घात किती ते दुसरीकडे. दाखवताना परार्धापर्यंत नाव, त्यापुढे तीन अंक आणि घात. तीनशे आठ काय, तीन हजार आठ शून्यंही मावली. पण बेरीज करताना दोन्ही घात जुळवावे लागतात. फार लहान संख्या तिथेही गळून पडते. चाचांचा एक घड या नव्या प्रकारातही हरवणारच होता. म्हणून बोटानं कापलेल्या घडांची साधी मोजणी मी निराळी ठेवली आणि कोपऱ्यात दाखवली. एवढं तर पहिल्या फोननंतर एका संध्याकाळीही झालं असतं.

आम्ही दोघं धुळ्याला गेलो. चाचा दुकानाच्या पायरीवर बसले होते. भागीदारानं नवी आवृत्ती त्यांच्या मोबाइलमध्ये घातली आणि उदारपणे म्हणाला, "चाचा, कितला घड टाकू? तुम्ही म्हनशात तितला. अनंतना पुढे बी जाता येस आते."

मला त्याच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

चाचांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुझी चड्डी उसवली तर मी टाके घालून द्यायचो," ते म्हणाले. "टाके घातले असं नुसतं सांगून परत नाही दिली कधी."

 

मग त्यांनी मोबाइल भागीदाराच्या हातातून घेतला, चष्मा वर सरकवला आणि रिकाम्या बागेवर बोट टेकवलं. कोपऱ्यात एक आला. त्यांनी परत टेकवलं, दोन झाले. दहापर्यंत त्यांनी प्रत्येक वेळी थांबून आकडा हलला का ते पाहिलं. आमच्याकडे एकदाही पाहिलं नाही.