बाबांच्या रंगीत नोट्स

माझी वहिनी घरीच शिवणकाम करते. तिच्यापुढे कुणाची लाडीगोडी चालत नाही, माझ्या दादाची तर मुळीच नाही.

त्यांच्या लेकीची सातवीची विज्ञानाची चाचणी जवळ आली, तेव्हा दादाने हौसेने तिच्यासाठी रंगीत नोट्स लिहून काढल्या. पोरीने त्या वाचल्या आणि म्हणाली, "येतंय सगळं." वहिनीने वही मिटून विचारलं, "मग सांग, झाड अन्न कसं बनवतं?" पोरगी आढ्याकडे बघत बसली.

"नोट्स तुम्ही काढल्यात, आता पेपरही तुम्हीच लिहून या!" वहिनी दादावर कडाडली.

मग तिने जुन्या खोक्याचा पुठ्ठा कापून चौकोनी पत्ते केले आणि पुढचं सगळं लेकीवर सोपवलं. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, आठवेल ते आपल्या शब्दांत लिहायचं, मग पुस्तक उघडून आपल्या चुका आपणच दुरुस्त करायच्या. त्यातून पत्ते करायचे: पुढे प्रश्न, मागे उत्तर. अडलेला पत्ता बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारून घ्यायचा.

काल वहिनी पत्ते घेऊन बसली. "अंधारात पान अन्न का बनवत नाही?"

पोरगी अडली. दादाला राहवेना, त्याने तोंड उघडलं. वहिनीने डोळे वटारले, पण तिच्याआधी लेकच ओरडली, "बाबा, गप्प बसा ना! तुम्हाला येतं, माहितेय मला. आता मला येऊ द्या."

दादाने हात तोंडावर ठेवला. पोरगी डोळे मिटून म्हणाली, "प्रकाश नसतो म्हणून."

उत्तर बरोबर आहे का, हे बघायला वहिनीने पत्ता उलटून पाहिलासुद्धा नाही; सरळ पुढचा पत्ता उचलला.