दगडावरचा पंचवीस

शिट्टीमास्तर बत्तीस वर्षं त्याच पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभे होते, आणि तलावाबद्दल आपल्याला कुणी शहाणपण शिकवावं हे त्यांना बिलकूल खपत नसे. पाण्यात जंतुनाशक पावडर किती घालायची, कोण बुडण्याचं नाटक करतंय, सगळं त्यांना काठावरूनच कळायचं. तलावाच्या टोकाला दगडात कोरलेलं होतं, '२५'. पुढे काही नाही. मास्तरांनी रुजू झाल्या दिवशी ठरवलं, पंचवीस मीटर. झालं! सोळा फेऱ्या म्हणजे चारशे मीटर. दाराजवळच्या फळ्यावर त्यांच्या तरुणपणाचा विक्रमसुद्धा याच हिशोबाने रंगवलेला होता.

त्यांची सून लग्नानंतर पोहायला शिकली, तीही सासऱ्याकडून. पाण्याला इतकी घाबरायची की पहिला आठवडा नुसती पायऱ्यांवर बसून होती. आता तिने शहरातल्या नव्या तलावावर जीवरक्षकाच्या नोकरीसाठी अर्ज केला होता. परीक्षा तीन आठवड्यांवर होती: चारशे मीटर, साडेआठ मिनिटांच्या आत. एकदाच संधी. ती सोळा फेऱ्या बरोबर आठ मिनिटांत मारायची. शंभर मीटरला दोन मिनिटं! मास्तर घरीदारी सांगत सुटले, "अर्धं मिनिट खिशात घेऊन जातेय आमची सूनबाई!"

आणि मग ती दोरी आली.

पोहण्याच्या रांगा वेगळ्या करणारी जुनी दोरी कुजली होती. मास्तरांनी नवी मागवली, पंचवीस मीटर. बांधायला गेले तर दोन मीटरहून जास्त दोरी पाण्यात लोंबायला लागली. मास्तर दुकानदारावर उखडले. "अहो, दोरी मोजता येत नाही आणि दुकान कसलं थाटलंय?"

दुकानदार बिचारा टेप घेऊन आला. दोरी मोजली, बरोबर पंचवीस. मग त्याने टेप तलावाच्या काठाला लावली. बावीस मीटर शहाऐंशी सेंटिमीटर.

"मास्तर, हे मीटर नाहीत, यार्ड आहेत. जुना तलाव ना! यार्ड म्हणजे आपला कापडाचा वार. शून्य पूर्णांक एक्क्याण्णव मीटर आणि वर चिमूटभर."

मास्तर वही घेऊन बाकावर बसले. पावडरीची नोंद ठेवायच्या त्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी हिशोब मांडला. सोळा फेऱ्या म्हणजे तीनशे सहासष्ट मीटरसुद्धा पुरते नाहीत. आठ मिनिटं म्हणजे चारशे ऐंशी सेकंद. त्याला तीन पूर्णांक सहासष्टने भागलं. शंभर मीटरला दोन मिनिटं अकरा सेकंद! म्हणजे पुरे चारशे पोहायला पावणेनऊ मिनिटं. पोर नापास होणार होती, तीही सासऱ्याच्या शाबासकीवर विसंबून.

गप्प बसावं असं क्षणभर वाटलं, खोटं कशाला बोला? पण संध्याकाळी सून पोहायला आली तेव्हा मास्तरांनी वही तिच्यापुढे धरली. "माझं चुकलं गं. बत्तीस वर्षं चुकलं."

तिने वही वाचली. डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ते पुसलं. "बाबा, मग चारशेला किती फेऱ्या?"

"साडेसतरा."

"आणि साडेआठ मिनिटांत बसायला प्रत्येक फेरी कितीत?"

मास्तरांनी पाचशे दहाला साडेसतराने भागलं आणि चष्मा वर केला. "एकोणतीस सेकंद आणि जरासं. तू तीस घेतेस."

"म्हणजे फेरीमागे एकच सेकंद?"

"तोही पुरता नाही!"

"एवढंच ना? आणि तोंड असं करून बसलाय, मला वाटलं घरी सासूबाई पडल्या की काय!"

मास्तरांनी तलावाच्या मधोमध काठावर लाल फडकं बांधलं, अर्ध्या फेरीची खूण म्हणून. रोज पहाटे घड्याळ घेऊन उभे. फेरी एकोणतिसाच्या वर गेली की शिट्टी. "पाय हलव, पाय! चहा ढवळतेस का?" तिसऱ्या आठवड्यात साडेसतरा फेऱ्या आठ मिनिटं बावीस सेकंदांत झाल्या. मास्तर तरीही खूश नव्हते. नव्या तलावात फेऱ्या सोळाच, म्हणजे भिंतीला पाय मारून पुढे झेपावण्याची संधी दोनदा कमी. चारपाच सेकंद तिथे जाणारच.

परीक्षेच्या दिवशी ते गेलेच नाहीत. जीव थाऱ्यावर नव्हता. रंगाचा डबा घेऊन फळ्यापुढे उभे राहिले, आपल्या विक्रमातले चारशे मीटर खोडले आणि तीनशे सहासष्ट लिहिले. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, आठ सव्वीस! घेतलं मला!"

मास्तरांनी एवढंच विचारलं, "तलाव पंचवीस मीटरचाच होता ना?"

"मोजूनच उतरले. दुकानदाराची टेप मागून आणली होती."

मास्तर तिथेच ओल्या फळ्याला टेकले आणि सदऱ्याची पाठ रंगवून घेऊन हसत घरी गेले.