तीन प्लेट मटण आणि एक पाटोडी

उमरेडहून नागपूरला नोकरीला आलो तेव्हा माझ्या ओळखीचा एकच माणूस होता. कॉलेजात माझ्यापुढे दोन वर्षं असलेला दादा. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. मुलाखतीला काय घालायचं, काय बोलायचं हे सगळं त्यानंच सांगितलं, स्वतःच्या खोलीत जागाही दिली. त्याचे उपकार मी आजही मानतो. म्हणूनच त्याच्यावर संशय घ्यायची मला लाज वाटायची, आणि तरी तो मी घेतलाच.

पगार झाला की मी, दादा आणि ऑफिसातली ताई असे तिघं एका सावजी भोजनालयात जेवायला जायचो. मला तिथलं तिखट मटण सोसत नसे. मी बेसनाच्या वड्यांचा, पाटोडीचा रस्सा घेई. बिल दादा भरायचा, मग तिनानं भागून आकडा सांगायचा. मी मुकाट्यानं पाठवायचो. तीन-चार महिन्यांनी मनात येऊ लागलं की हा आपल्याला गृहीत धरतो, की चक्क फसवतो?

पुढच्या पगारानंतरच्या रविवारी दादानं पैसे भरल्यावर बिल मी आधी हातात घेतलं. फोटो काढला, फोनमधल्या एआयला पाठवला आणि खाली एकच शब्द लिहिला, ‘स्प्लिट’. वाटलं होतं, तो आकडा देईल आणि दादाच्या आकड्याशी ताडून बघता येईल. पण त्यानं उलट मलाच विचारलं. किती जण होते? मटणाच्या तीन प्लेट आणि पाटोडी कोणी कोणी खाल्ली? भाकरी, जिरा राइस, पापड सगळ्यांत होते का? आणि बहात्तर रुपये जीएसटी सारखा वाटायचा की ज्याच्या त्याच्या खाण्याच्या प्रमाणात?

मी ते मोठ्यानं वाचलं.

“याले काहून पाह्यजे कोणं काय खाल्लं ते?” ताई म्हणाली. “उद्या मले पोट कमी करायच्या जाहिराती येतील पाहा.”

दादा हसला नाही. “अबे, काय लिहून राह्यला तू? पंधराशे बारा भागिले तीन, पाचशे चार. संपलं.”

“सांगून तर पाहू.”

“नाही सांगायचं. ठेव तो फोन.” त्यानं फोनवर हात ठेवला.

दोन प्लेटा त्याच्या एकट्याच्या होत्या, हे तिघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग लपवायचं काय? माझी खात्रीच झाली. पाचशे चार रुपये मी त्याला पाठवले आणि खोलीवर येईपर्यंत त्याच्याशी बोललो नाही.

“तुले वाटते, मी तुले फसवून राह्यलो,” जिना चढताना तो म्हणाला.

“मग सांगायला काय झालं?”

तो पायरीवरच बसला. त्याचं लग्न ठरलं होतं हे मला माहीत होतं. मुलीकडचे महानुभाव पंथाचे, मांसाहाराला हात न लावणारे, हे माहीत नव्हतं. मटण सोडलं असं त्यानं बैठकीत सांगून टाकलं होतं. आणि मुलीचा भाऊ आमच्याच ऑफिसात, आमच्याच ग्रुपवर होता, जिथं मी चहाचा हिशोबसुद्धा टाकायचो.

“तू एवढा चोख माणूस! दोन प्लेट मटण माझ्या नावापुढं लिहून तिथं टाकलं असतं तर?”

टाकलं असतं. मी आधीपासून तेच ठरवलं होतं.

“नाव कशाला? पहिला, दुसरी, तिसरा लिहितो. ग्रुपवर टाकत नाही.”

मी एआयला लिहीत गेलो, तो शेजारी बसून प्रत्येक ओळ तपासत राहिला. पहिल्याची पाटोडी, दुसरीचं एक मटण, तिसऱ्याची दोन. बाकीचं तिघांत, कर प्रमाणात. उत्तर आलं: माझे तीनशे पंधरा, ताईचे चारशे एक्केचाळीस, त्याचे सातशे छप्पन्न. बेरीज मी कागदावर करून पाहिली. बरोबर पंधराशे बारा.

“हे मले माहीत होतं गा,” तो म्हणाला. “नेमकं किती ते कधी मोजलं नाही, एवढंच.” त्यानं तिथंच मला एकशे एकोणनव्वद आणि ताईला त्रेसष्ट रुपये परत पाठवले. “आता तरी विश्वास आहे?”

मी हो म्हणालो. पैशांपुरतं ते खरं होतं.

“मटण सुटलं नाही, हे त्या मुलीला सांगितलंस का?” मी विचारलं.

“सांगीन ना. लग्नाच्या आधी सांगतोच.”

तो जिना चढून आत गेला. ज्यानं मला या शहरात उभं केलं, त्याच्या ‘सांगतोच’वर आपला विश्वास बसलेला नाही, हे मला पायरीवर बसल्या बसल्या कळलं.